रॅले निकष

रॅले निकष हा वर्तुळाकार छिद्रातून पाहिलेले दोन बिंदुस्रोत कोणत्या किमान कोनीय अंतरापर्यंत वेगळे ओळखता येतात, हे ठरवणारा प्रकाशशास्त्रातील निकष आहे. तो लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जातो.

स्वरूप

विवर्तनामुळे ताऱ्याची प्रतिमा बिंदुरूप न राहता लहान तेजस्वी चकती बनते व तिच्याभोवती मंद कडी दिसतात. एका चकतीचा मध्य दुसरीच्या पहिल्या काळ्या कड्यावर आला, की दोन्ही स्रोत जेमतेम वेगळे दिसतात, असे हा निकष मानतो. तेव्हाचा कोन रेडियनमध्ये पुढीलप्रमाणे असतो:

θ = १.२२ λ / D

येथे λ ही तरंगलांबी व D हा छिद्राचा व्यास होय. ५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या प्रकाशासाठी व्यास मिलिमीटरमध्ये घेतल्यास हा कोन सुमारे १३८ / D विकला येतो.

मानवी डोळा

बाहुलीचा व्यास ३ मिमी असताना ही मर्यादा ४६ विकला येते. डोळ्यातील द्रवात तरंगलांबी कमी होते. परंतु डोळ्यात शिरताना किरणांमधील कोनही त्याच प्रमाणात लहान होतो. म्हणून बाहेरील कोन काढताना हवेतील तरंगलांबीच घ्यावी लागते. अंधारात बाहुली ६ मिमी झाल्यास सूत्रानुसार २३ विकला मिळतात, पण नेत्रभिंगाचे दोष वाढल्याने दृष्टी तेवढी सूक्ष्म होत नाही. व्यवहारात निरोगी डोळ्याची मर्यादा सुमारे ६० विकला, म्हणजे एक कला, मानतात.

उदाहरण : वसिष्ठ आणि अरुंधती

सप्तर्षींतील वसिष्ठ व अरुंधती यांच्यात सुमारे १२ कलांचे अंतर असल्याने ते नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. स्वतः वसिष्ठ हाही जोडतारा असून त्याचे दोन घटक सुमारे १४.४ विकला अंतरावर आहेत. ते वेगळे करण्यास १३८ / १४.४, म्हणजे सुमारे १० मिमी व्यासाचे वस्तुभिंग तत्त्वतः पुरते. मात्र तेवढ्याने काम भागत नाही. हे अंतर डोळ्याच्या ६० विकलांच्या मर्यादेपलीकडे जाण्यासाठी किमान ४.२ पट विशालन लागते. पाच पट विशालनात ते ७२ विकला होते. शिवाय हा निकष सारख्या तेजाच्या ताऱ्यांसाठी आहे. वसिष्ठाचा एक घटक बराच मंद असल्याने प्रत्यक्षात याहून मोठी दुर्बीण सोयीची ठरते.

मर्यादा

१०० मिमी व्यासाच्या दुर्बिणीची मर्यादा सुमारे १.४ विकला असून तिच्यातील तपशील डोळ्याला जेमतेम दिसण्यासाठी सुमारे ४५ पट विशालन लागते. सहज पाहण्यासाठी ते दुप्पट-तिप्पट ठेवतात. त्यापुढे नेत्रिका बदलून विशालन वाढवत नेल्यास चकत्या मोठ्या व फिकट होतात, पण नवा तपशील दिसत नाही. याउलट, प्रतिमा क्षणाक्षणाला थरथरत व पसरत असेल, तर अडथळा वातावरणाचा असतो. अशा वेळी अधिक व्यासाची दुर्बीण घेऊनही जोडतारा वेगळा होईलच असे नाही.