'दानं' कसं वाचलं?

सानगडीच्या पोरांनो, आपल्याच भंडारा जिल्ह्यात पवनी आहे. १९६९-७० साली तिथल्या जगन्नाथ टेकडीत बुद्धाचा स्तूप उघडा झाला. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दानाचे लेख मिळाले. आज आपण ते वाचतो. पण ही लिपी वाचणारं कुणीच उरलं नव्हतं. मग वाचली कशी?

कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपनं १८३४ साली अलाहाबादच्या स्तंभावरची अक्षरं मोजली. मूळ आकार थोडेच. त्या प्रत्येकाला त्याच ठराविक काना-मात्रा लागलेल्या. म्हणजे ही आपल्या बाराखडीसारखी लिपी आहे, एवढं कळलं. पण कोणत्या आकाराचा उच्चार काय, हे मोजणी सांगत नाही. तिचं काम तिथंच संपतं.

१८३७ साली साचीच्या कठड्यावरच्या छोट्या ओळींचे ठसे त्याच्या हाती आले. बहुतेक ओळींच्या शेवटी तीच दोन अक्षरं. एवढ्यावरून अर्थ लागत नाही. पण जागा बघा. कठड्याच्या दगडादगडावर वेगवेगळी छोटी ओळ, शेवट मात्र एकच. म्हणजे ज्यानं दगड दिला त्याचं नाव आणि 'दानं'. 'द' आणि टिंब असलेला 'न' मिळाला. त्याच्या आधी पुरुषाच्या नावाला 'स', बाईच्या नावाला 'य': म्हणजे आपला 'चा-ची'.

हा अंदाजच होता. मग त्याची परीक्षा कशानं झाली? क्रिस्तियान लासेननं १८३६ साली अगाथोक्लीस राजाचं नाणं वाचलं होतं. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी. ग्रीक वाचता येत होतं, म्हणून ब्राह्मीतलं नाव सापडलं. त्या नावाच्या शेवटीही तोच षष्ठीचा 'स'. वाटा दोन, अक्षर एकच. आणि हेच उच्चार दुसऱ्या लेखांत घातले तर तिथंही प्राकृत शब्द उभे राहिले. पुरावा म्हणतात तो याला.

तरी चूक झालीच. स्तंभांवर 'देवानंपिय पियदसि' वाचलं गेलं, आणि प्रिन्सेपला तो आधी लंकेचा राजा वाटला. लंकेतल्या जॉर्ज टर्नरनं पाली ग्रंथांवरून १८३७ सालीच दाखवलं, की हा अशोक. १९१५ साली मस्कीच्या लेखात अशोकाचं नावच सापडलं, आणि शंका मिटली. अक्षर वाचणं वेगळं, माणूस ओळखणं वेगळं.

आता सिंधूच्या मुद्रा घ्या. चिन्हं सुमारे चारशे, म्हणजे बाराखडी म्हणायला फार जास्त. एका लेखात सरासरी पाचच चिन्हं. भाषा ठाऊक नाही, दोन भाषांचा एकही लेख नाही. कोणती चिन्हं सुरुवातीला येतात, कोणती शेवटी, एवढं मोजून सांगता येतं. उच्चार नाही सांगता येत. म्हणून कुणी त्यात वेद वाचो, की आपल्या पूर्वजांचं नाव वाचो, विचारायचं एकच: हेच उच्चार दुसऱ्या मुद्रेवर चालतात का? की प्रत्येक मुद्रेला नवा नियम? वाचन आपल्या सोयीचं निघालं, तर हा प्रश्न आधी विचारायचा.