इनलाइन उत्तर (ई-मेल)

इनलाइन उत्तर म्हणजे आलेल्या ई-मेलचा मूळ मजकूर उत्तरात ठेवून, त्यातील प्रत्येक प्रश्नाच्या लगेच खाली त्याचे उत्तर लिहिण्याची पद्धत होय. यात प्रश्न आणि उत्तर एकत्र राहतात. त्यामुळे कोणते वाक्य कोणत्या प्रश्नास उद्देशून आहे, हे पाठवणाऱ्यास शोधावे लागत नाही. संपूर्ण उत्तर वरती लिहून मूळ पत्र खाली जसेच्या तसे सोडून देणे ही याच्या उलट पद्धत असून आज ती अधिक प्रचलित आहे.

मूळ वचन देऊन त्याखाली विवेचन करण्याची मांडणी मराठी वाचकास अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या छापील प्रतींत गीतेचा श्लोक आधी येतो आणि त्यावरील ओव्या त्याच्या खाली येतात. इनलाइन उत्तरात फरक इतकाच की मूळ मजकुराचा लेखकच येथे उत्तराचा वाचक असतो.

## उद्धरणाचे चिन्ह

साध्या मजकुराच्या ई-मेलमध्ये दुसऱ्याची ओळ ओळखू यावी म्हणून तिच्या आरंभी `>` हे चिन्ह येते. गणितात ते ‘पेक्षा मोठे’ या अर्थाने वापरतात. आधीच उद्धृत केलेली ओळ पुन्हा उद्धृत झाली की चिन्हे दोन होतात, म्हणजे `>>`. चिन्हे मोजली की ओळ किती फेऱ्यांपूर्वीची आहे ते कळते. ज्या ओळीस चिन्ह नाही ती आत्ताच्या उत्तराची, एवढा एकच नियम वाचकास पुरतो. सजावट असलेल्या ई-मेलमध्ये चिन्हाऐवजी डाव्या बाजूस उभी रेघ दिसते. तिचे काम तेच.

ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १८५५’ या शिष्टाचारविषयक दस्तऐवजात याबद्दल स्पष्ट सूचना आहे. उत्तर समजण्यापुरता मूळ मजकूर ठेवावा, त्याहून अधिक नको. आलेले संपूर्ण पत्र जसेच्या तसे जोडून देणे असभ्यपणाचे आहे, असा तिचा आशय आहे. पुढे आउटलुकसारख्या कार्यक्रमांनी उत्तर लिहिताना कर्सर मूळ पत्राच्या वर ठेवला. ज्या जागी कर्सर असतो तेथेच माणूस लिहू लागतो, म्हणून वर लिहिण्याची सवय रुजली.

## एक उदाहरण

पुढील प्रसंग कल्पित आहे. माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यासाठी एका संयोजकाने सभागृहाच्या व्यवस्थापकास पुढील पत्र पाठवले :

```
२१ डिसेंबरला सकाळी ९ ते दुपारी २ सभागृह मिळेल का?
आम्ही सुमारे १५० जण असू. तेवढ्या खुर्च्या आहेत का?
बाहेरचा आचारी आणता येतो असे ऐकले. गॅस तुमच्याकडून
घ्यावा लागेल का? अनामत रक्कम चेकने दिली तर चालेल ना?
```

व्यवस्थापकाने वरच्या वर उत्तर लिहिले : ‘नमस्कार. हो, मिळेल. १२० आहेत. चालेल. बाकी भेटीत बोलू.’ त्याच्या मनात ‘चालेल’ हा शब्द चेकसाठी होता. संयोजकाने मात्र उत्तरे क्रमाने लावली. पहिले तारखेचे, दुसरे खुर्च्यांचे. म्हणून तिसरे आचाऱ्याचे, असा त्याचा समज झाला. त्याने आचारी ठरवून त्यास आगाऊ पैसे दिले. सभागृहात बाहेरचा स्वयंपाक चालत नव्हता आणि ते त्यास आदल्या दिवशी कळले.

येथे दोष उद्धटपणाचा किंवा आळसाचा नाही. मराठीत कर्ता वगळून नुसते क्रियापद उत्तरादाखल देता येते. ‘हो’, ‘चालेल’, ‘बघतो’, ‘होऊन जाईल’ ही बोलताना पूर्ण उत्तरे असतात, कारण प्रश्न नुकताच कानावर पडलेला असतो. पत्रात प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये काही तास किंवा दिवस गेलेले असतात. तेव्हा एकाकी पडलेले ‘चालेल’ कोणत्याही प्रश्नास चिकटू शकते.

तेच उत्तर इनलाइन पद्धतीने असे होते :

```
नमस्कार. आपल्या चारही प्रश्नांची उत्तरे खाली
त्या त्या प्रश्नाखाली दिली आहेत.

> २१ डिसेंबरला सकाळी ९ ते दुपारी २ सभागृह मिळेल का?

तारीख मोकळी आहे. मात्र दुपारी ३ वाजता दुसरा
कार्यक्रम असल्याने १:३० ला सभागृह रिकामे करावे लागेल.

> आम्ही सुमारे १५० जण असू. तेवढ्या खुर्च्या आहेत का?

१२० आहेत. उरलेल्या ३० आपण भाड्याने आणाव्यात.

> बाहेरचा आचारी आणता येतो असे ऐकले.
> गॅस तुमच्याकडून घ्यावा लागेल का?

बाहेरचा आचारी आणता येत नाही. आत स्वयंपाकास
परवानगी नाही; तयार जेवण आणून वाढता येईल.

> अनामत रक्कम चेकने दिली तर चालेल ना?

चेक चालेल. तो १० डिसेंबरपर्यंत मिळावा.
```

यात तिसरे उत्तर विशेष लक्ष देण्याजोगे आहे. संयोजकाने विचारले होते गॅसबद्दल. आचाऱ्याविषयी त्याने प्रश्न केलाच नव्हता, ऐकीव माहिती गृहीत धरली होती. वरच्या वर उत्तर देताना असे गृहीतक नजरेतून सुटते, कारण उत्तर देणारा आठवणीतून लिहितो. प्रत्येक वाक्याखाली थांबावे लागले की गृहीतक समोर येते. म्हणूनच मूळ मजकूर छाटताना केवळ प्रश्नचिन्ह असलेले वाक्य ठेवून आधीचे विधान काढून टाकू नये. पुष्कळदा खरा प्रश्न त्या विधानातच दडलेला असतो.

## लिहिण्याची रीत

आरंभी एक ओळ स्वतःची असावी आणि उत्तरे खाली आहेत हे तिने सांगावे. अनेक ई-मेल कार्यक्रम उद्धृत मजकुराची घडी घालून तो तीन टिंबांमागे झाकतात. वर काहीच लिहिले नसेल तर वाचकास पत्र रिकामे वाटण्याचा संभव असतो. स्वाक्षरीबाबतही असाच धोका आहे. पुष्कळ कार्यक्रम ती उद्धृत मजकुराच्या वर आपोआप घालतात. नाव व पद दिसले की पत्र संपले असे समजून वाचक पुढे सरकत नाही. तेव्हा स्वाक्षरी शेवटच्या उत्तराखाली हलवावी.

उत्तराच्या आधी व नंतर एक ओळ रिकामी सोडावी. उद्धृत परिच्छेदाच्या मध्येच उत्तर लिहायचे असल्यास तो तेथे तोडावा लागतो. थंडरबर्डमध्ये उद्धृत मजकुरात कर्सर ठेवून एंटर दाबले की उद्धरण दोन भागांत विभागले जाऊन मध्ये स्वतःसाठी मोकळी ओळ मिळते. आउटलुकच्या पर्यायांत `Preface comments with` अशी एक सोय आहे; ती निवडल्यास मूळ पत्रात घातलेल्या मजकुरापूर्वी उत्तर देणाऱ्याचे नाव कंसात येते. जेथे असे काही नसेल तेथे ‘उत्तर :’ हा शब्द हाताने लिहिलेला बरा. इंग्रजी पत्रांत काही जण उत्तर मोठ्या लिपीत लिहून वेगळे दाखवतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने ती वाट मराठीत बंदच आहे.

‘माझी उत्तरे लाल रंगात आहेत’ असे लिहिण्याचा प्रघात कार्यालयांत बराच आहे. केवळ रंगावर विसंबणे मात्र योग्य नव्हे. पत्र साध्या मजकुरात रूपांतरित झाले किंवा काळ्या शाईत छापले की रंग नाहीसा होतो. रंगभेद न ओळखू येणाऱ्यास तो दिसतच नाही. त्यानंतर प्रश्नकर्त्याचे वाक्य कोणते आणि उत्तर देणाऱ्याचे कोणते हे कोणालाच सांगता येत नाही. रंग हवाच असेल तर तो ‘उत्तर :’ या शब्दाच्या जोडीने असावा.

ज्या प्रश्नाचे उत्तर तूर्त ठाऊक नाही तो पुसून टाकण्याचा मोह होतो. तसे केल्यास पाठवणाऱ्यास तो वाचला गेला की नाही हेच कळत नाही. प्रश्न ठेवून त्याखाली ‘चौकशी करून शुक्रवारी कळवतो’ एवढे लिहिणे हेसुद्धा उत्तरच आहे. पाठवण्यापूर्वी मूळ पत्रातील प्रश्न मोजावेत आणि खालची उत्तरे मोजावीत. आकडे जुळले नाहीत तर काहीतरी सुटले आहे.

नकारार्थी प्रश्नांत मात्र प्रश्नाखाली उत्तर देऊनही घोळ उरतो. ‘पावती लागणार नाही ना?’ याखाली नुसते ‘हो’ लिहिले तर लागणार की नाही लागणार? अशा ठिकाणी क्रियापद पुन्हा लिहावे : ‘पावती लागेल.’

## दुसऱ्याच्या शब्दांविषयी

उद्धृत ओळ ही पाठवणाऱ्याची असते. तिच्यातील शुद्धलेखन सुधारणे, शब्द बदलणे किंवा अर्थ पालटेल अशी काटछाट करणे गैर आहे. पुढे पाठवलेल्या पत्राचे शब्द बदलू नयेत, असे वर उल्लेखिलेल्या १९९५ च्या दस्तऐवजातही सांगितले आहे. मधला भाग गाळला असेल तर तेथे `[...]` ठेवावे. याचे व्यावहारिक कारण असे की ही पत्रे तिसऱ्याकडे जातात आणि तो त्या ओळी मूळ लेखकाच्या तोंडच्या म्हणून वाचतो.

कधीकधी ओळी आपोआपही बिघडतात. साध्या मजकुरात लांब ओळ मध्येच तुटली की तिच्या पहिल्या अर्ध्यास `>` राहते आणि उरलेले दोन-तीन शब्द चिन्हाविना खाली पडतात. मग प्रश्नाचे शेपूट उत्तराचा आरंभ असल्यासारखे दिसते. फेब्रुवारी २००४ च्या ‘आरएफसी ३६७६’ मध्ये यावर उपाय आहे. ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा असेल तर ती ओळ पुढच्या ओळीशी जोडलेली समजावी, असे त्यात ठरवले आहे. मात्र सर्व कार्यक्रम तो पाळत नाहीत. चिन्हांच्या ओळींमध्ये एखादी आखूड, अर्धवट, चिन्हहीन ओळ दिसली तर हेच घडले आहे असे समजावे आणि तेथे हाताने चिन्ह घालावे.

## मर्यादा

ही पद्धत एका फेरीस उत्तम, दुसऱ्या फेरीस सोयीची आणि तिसरीपासून त्रासदायक ठरते. `>>>` पर्यंत गेलेल्या पत्रात जुनी, नवी आणि रद्द झालेली उत्तरे एकाच पानावर नांदतात. तेव्हा जे ठरले ते थोडक्यात नव्याने लिहून उरलेला एखादा प्रश्नच उद्धृत करणे श्रेयस्कर. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब उद्धरण तोडणे कष्टाचे असते. तेथे प्रश्नाचा विषय उत्तरातच सांगणारी क्रमांकित वाक्ये लिहिली तरी काम भागते : ‘१. तारीख : मोकळी आहे.’

सर्व प्रश्न मिळून एकच निर्णय मागत असतील तर उत्तरेही तुटक देऊ नयेत. वरील उदाहरणात सभागृह त्या दिवशी बंदच असते, तर खुर्च्या आणि गॅस यांच्या खाली लिहिण्यासारखे काही नव्हते. वरती एक वाक्य पुरले असते. दुखवट्याचे किंवा मनस्ताप व्यक्त करणारे पत्र असे तुकड्यातुकड्यांनी उत्तरण्याजोगे नसते. त्यात प्रश्नचिन्हे असतात, पण ओळीमागून ओळ उद्धृत करून दिलेला जबाब उलटतपासणीसारखा वाचला जातो.