आजोबांच्या ट्रंकेतली पितळी नळी

नागपूरच्या घरी माळ्यावर वडिलांची एक पत्र्याची ट्रंक आहे. वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. ते गेल्यावर ट्रंक कोणी फारशी उघडली नव्हती. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत सातवीतल्या भाचीने ती उघडली. जुने नकाशे, बदलीचे कागद, डांबरगोळ्या आणि तळाशी चामड्याच्या घरात एक पितळी वस्तू. चौकोनी, वीतभर नळी. तिच्या कुशीला अर्धगोल पट्टी, पट्टीवर आकडे आणि वर बोटाएवढी काचेची कुपी, आत हवेचा बुडबुडा.

"आजी, हे काय गं?"

"काऊन विचारतेस बापा मला? तुझ्या आजोबांचं साहेबी खेळणं होतं ते," असं म्हणून आई भाजी निवडायला लागली.

मला नाव माहीत होतं, पण मी सांगितलं नाही. म्हटलं बघू, हिला काय सुचतं ते.

तिने आधी नळी डोळ्याला लावली. दुर्बीण समजून लावली, पण पलीकडचं काही मोठं दिसेना. उलट अर्ध्या भागात समोरचं झाड दिसे आणि उरलेल्या अर्ध्या भागात चक्क वरचा बुडबुडा! नळीच्या आत तिरपा आरसा बसवलेला असतो, तो फक्त अर्धी जागा अडवतो. त्यामुळे डोळा एकाच वेळी लांबची वस्तूही पाहतो आणि बुडबुडाही. मधे एक आडवी तार असते. बाजूचा स्क्रू फिरवला की कुपी आणि पट्टीवरचा काटा सोबतच फिरतात.

खरा धागा तिला आकड्यांत सापडला. पट्टीवर दोन ओळी होत्या. एक अंशांची, ती सरळ होती. दुसरीत १, २, ३ असे १० पर्यंत आकडे, पण त्यांच्यातलं अंतर सारखं नाही. "मामा, १ बरोबर ४५ अंशांसमोर आहे, आणि २ साडेसव्वीसच्या जवळ. असं का?" मी म्हटलं, वहीवर त्रिकोण काढून बघ. काढला. एक आडवं, एक उभं, तर तिरकस रेघ ४५ अंशांची. दोन आडवं, एक उभं, तर साडेसव्वीसच्या थोडी वर. म्हणजे तो १, २, ३ उताराचा आकडा होता. एकास एक, दोनास एक, तीनास एक!

मग मी नाव सांगितलं. याला ॲबनी लेव्हल म्हणतात. विल्यम ॲबनी नावाच्या रॉयल इंजिनिअर्समधल्या अधिकाऱ्याने ही रचना केली. हा गृहस्थ काही वर्षं हिंदुस्थानात नोकरीला होता आणि पुढे फोटोग्राफीच्या शास्त्रात नाव काढून गेला. घाटरस्ता आखताना हे हत्यार फार उपयोगी. समजा चढ २० ला १ हवा आहे. काटा २ अंश ५२ कलांवर पक्का करायचा. पुढे एका माणसाला काठी देऊन पाठवायचं, काठीवर आपल्या डोळ्याइतक्या उंचीवर खूण. नळीतून बघत त्याला डोंगरावर खालीवर सरकवायचं. बुडबुडा, तार आणि खूण एका रेषेत आली की तिथे खुंटी ठोकायची. अशा खुंट्या जोडत गेलं की रस्ता तयार.

आमच्या अंगणात घाट नाही, पण कडुनिंब आहे. भाचीने काटा ४५ वर ठेवला आणि शेंडा तारेवर येईपर्यंत मागे सरकत गेली. बुंध्यापासून अंतर भरलं ११.४ मीटर. एकास एक, म्हणून डोळ्याच्या वरची उंचीही तितकीच. तिचा डोळा जमिनीपासून १.३ मीटरवर. एकूण १२.७. खात्री म्हणून काटा २ वर ठेवून गल्लीपर्यंत मागे गेली. अंतर २२.९ मीटर आलं, त्याचं अर्धं ११.४५. दोन्ही उत्तरं जुळली, ती खूश!

आणि इथेच गंमत आहे. कुपीच जर जरा वाकडी बसली असेल, तर ती दोन्ही वेळा एकाच बाजूला फसवणार. दोन उत्तरं जुळतील आणि दोन्ही चुकीची असतील. हे पकडायची जुनी युक्ती म्हणजे उलट दिशेने बघणं. ओसरी आणि फाटक दोन्हीकडे तिने आपल्या डोळ्याच्या उंचीवर खडूने खूण केली. फाटकावरून ओसरीची खूण पाहिली, तर २ अंश चढ. ओसरीवरून फाटकाची पाहिली, तर १ अंश उतार. चढ आणि उतार एकच, मग आकडे दोन कसे? खरा उतार दीड अंश, आणि यंत्र दर वेळी अर्धा अंश जास्त दाखवतं. म्हणजे ४५ वाचलं तेव्हा खरे साडेचव्वेचाळीस होते. नवा हिशेब केला, तर झाड साधारण २० सेंटीमीटरने खाली आलं. साडेबारा मीटर.

एक बाजू मोजायची, बाकी सगळं कोनांवर काढायचं. नेमक्या याच हिशेबाने विल्यम लॅम्टनने हिंदुस्थान मोजायला घेतला. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने पोलादी साखळीने साडेसात मैलांची एकच रेषा मोजली. तेवढ्याला जवळजवळ दोन महिने लागले. पुढे साखळी बाजूला आणि कोन सुरू. एका टेकडीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, त्रिकोणाला त्रिकोण जोडत. त्याचं थिओडोलाइट अर्धा टन वजनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आदळलं आणि त्याची तबकडी वाकली. लॅम्टनने स्वतःच्या हाताने, आठवडे खर्चून, ती पुन्हा सरळ केली.

आणि त्याचीही पडताळणी भाचीसारखीच, वेगळ्या वाटेने. शेकडो किलोमीटर त्रिकोण नेल्यावर बंगळूरजवळ पुन्हा एक रेषा प्रत्यक्ष साखळीने मोजायची आणि त्रिकोणांच्या हिशेबाने आलेल्या लांबीशी ताडून बघायची. काही मैलांच्या रेषेत फरक निघाला तो एका वितीहूनही कमी.

ही त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत आपल्या विदर्भात आली. म्हातारा लॅम्टन हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता, नागपूर हे पुढच्या कामाचं ठाणं होणार होतं. पण तो पोचला नाही. २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हातात घेतलं, त्याचं नाव शिखराला मिळालं. लॅम्टनच्या वाट्याला हिंगणघाट आलं.

आपल्या सिताबर्डीजवळच्या झिरो माईलला सगळे देशाचा मध्य म्हणतात. पण १९०७ चा तो खांब याच सर्वेक्षणाची उंचीची खूण आहे. समुद्रसपाटीपासून १०२० फूट आणि वर थोडं. ती उंची समुद्रापासून इथवर आणली ती अशाच एका बुडबुड्याने, टप्प्याटप्प्याने, पुढे एकदा आणि मागे एकदा बघत. तिथून जाताना घोड्यांचे फोटो सगळेच काढतात. एकदा तो आकडाही वाचा.