एका दिवसात दोनदा वाढलेला व्याजदर

१९९२ साली ब्रिटनमध्ये मंदी होती. कर्ज स्वस्त करायला हवं होतं, पण सरकारचे हात बांधलेले. १९९० पासून पौंड युरोपच्या विनिमयदर व्यवस्थेत जर्मन मार्कला जोडलेला होता: मध्यदर २.९५ मार्क, आणि साधारण २.७८ च्या खाली घसरू द्यायचा नाही. तिकडे जर्मनीने एकीकरणानंतरची महागाई रोखायला व्याज चढं ठेवलं होतं. पैसा देशाबाहेर न्यायला आडकाठी नव्हती. अशा वेळी लंडनने एकट्याने व्याज उतरवलं असतं, तर लोकांनी पौंड विकून मार्क घेतले असते.

१६ सप्टेंबरला तरीही विक्रीचा लोंढा आलाच. बँक ऑफ इंग्लंड गंगाजळीतलं परकीय चलन देऊन पौंड विकत घेत राहिली. व्याजदर सकाळी १० वरून १२ टक्के केला, दुपारी उद्यापासून १५ असं जाहीर केलं. पौंड काही सावरेना. मला यात नवल वाटत नाही. घरकर्जाचे हप्ते व्याजदराबरोबर चढणाऱ्या देशात, तेही मंदीत, १५ टक्के किती दिवस टिकणार? विकणारे हेच तर ओळखून होते.

संध्याकाळी ब्रिटन व्यवस्थेतून बाहेर पडलं. १५ टक्के लागू झालेच नाहीत. पौंड घसरला, पण आता त्याचा भाव राखायचा नव्हता, त्यामुळे जानेवारी १९९३ मध्ये व्याजदर ६ टक्क्यांवर आणता आला.