दिव्याच्या बियांपासून काचबिंदूच्या थेंबांपर्यंत

१/ काचबिंदूवरचे उत्तर लिहिताना परीक्षार्थी बहुधा औषधांची यादी पाठ करतो. त्या यादीतील एका जुन्या गटाचा उगम मात्र न्यायनिवाड्यात आहे. आजच्या नायजेरियातील कालाबार परिसरात एफिक लोक आरोपीला एका वेलीच्या विषारी बियांचा अर्क पाजत. ओकारी होऊन तो वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. आपल्याकडच्या दिव्याचाच हा प्रकार.

२/ ते बी एडिंबरोला पोहोचले. तिथे १८६३ मध्ये डग्लस आर्गिल रॉबर्टसन यांनी अर्काचा प्रयोग स्वतःच्या डोळ्यावर केला आणि बाहुली आक्रसते हे नोंदवले. पुढे १८७६ मध्ये लुडविग लाकर यांनी या बियांतील फायसोस्टिग्मिन काचबिंदूसाठी वापरले. त्यांना स्वतःलाही हा विकार होता. तोवर मुख्य आधार होता तो फॉन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये मांडलेल्या, बुबुळाचा तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचा. पाठोपाठ पिलोकार्पिन आले.

३/ बाहुली लहान केल्याने दाब का उतरावा? डोळ्यातील द्रव बाहुलीतून पुढे येतो आणि बुबुळ व पारपटल यांच्यामधल्या कोनातील जाळीतून बाहेर पडतो. सर्वसाधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरइतका असतो. बंद कोनात बुबुळाचा काठच जाळीवर टेकलेला असतो. बाहुली आक्रसली की तो ओढला जाऊन वाट मोकळी होते. खुल्या कोनात वाट दिसायला उघडी असते, पण जाळीच तुंबलेली असते. तिथे बाहुलीचे महत्त्व नाही. औषधाने आखडलेला सिलियरी स्नायू जाळीला ताण देऊन तिची छिद्रे रुंदावतो.

४/ लाकर यांच्या काळात हा भेद डोळ्यात पाहण्याची सोय नव्हती. ऑटो बार्कन यांनी कोनदर्शक भिंगाच्या आधारे १९३८ मध्ये दोन्ही प्रकार स्पष्ट वेगळे केले. माझ्या मते या इतिहासातला खरा टप्पा हाच, औषधाचा शोध नव्हे.

५/ एक कल्पित रुग्ण घेऊ. डोळा लाल, असह्य वेदना, ओकाऱ्या, धूसर पारपटल, अर्धवट विस्फारलेली स्थिर बाहुली, दाब ५६. हा तीव्र बंद कोन. पिलोकार्पिन आठवते, पण इतक्या दाबाखाली बाहुलीच्या स्नायूला रक्त पुरत नाही आणि तो औषधाला दाद देत नाही. म्हणून आधी द्रवाची निर्मिती रोखायची: असिटाझोलामाइड ५०० मिलिग्रॅम, सोबत टिमोलॉलचे थेंब (दमा असल्यास ते वर्ज्य). दाब उतरू लागला की मग २ टक्के पिलोकार्पिन, आणि पारपटल निवळल्यावर लेसरने बुबुळात छिद्र. दुसऱ्या डोळ्यातही तसेच छिद्र करतात, कारण तिथला कोनही बहुधा अरुंदच असतो.

६/ उत्तरात हा क्रम उलटा लिहिला गेला, तर नावे सगळी बरोबर असूनही उपचार चुकतो. आणि मॅलिग्नंट काचबिंदूत पिलोकार्पिन दिले, तर भिंग आणखी पुढे सरकून कोंडी वाढते. तिथे उलट अ‍ॅट्रोपिन लागते, म्हणजे नेमके तेच औषध, ज्याचा परिणाम रॉबर्टसन यांनी कालाबारच्या अर्काने उतरवून दाखवला होता.