व्यक्तिमत्त्व हक्क आणि यंत्रनिर्मित जाहिराती

व्यक्तिमत्त्व हक्क : आपले नाव, चेहरा, आवाज, स्वाक्षरी, लकब किंवा ज्यावरून आपण ओळखले जातो असे कोणतेही वैशिष्ट्य व्यापारासाठी कोणी वापरावे आणि कोणी वापरू नये, हे ठरवण्याचा व्यक्तीचा हक्क. या हक्काला दोन अंगे आहेत. आपल्या खाजगी आयुष्यात कोणी ढवळाढवळ करू नये हे पहिले अंग, तर आपल्या प्रसिद्धीतून मिळणारा पैसा आपल्या संमतीशिवाय दुसऱ्याने मिळवू नये हे दुसरे. या दुसऱ्या अंगाला ‘प्रसिद्धी हक्क’ असेही म्हणतात. जिच्यातील चेहरा किंवा आवाज चित्रीकरणाने वा ध्वनिमुद्रणाने न मिळवता संगणकीय प्रारूपाकडून नव्याने घडवून घेतलेला असतो, ती यंत्रनिर्मित जाहिरात होय. अशा जाहिरातींमुळे भारतात हा हक्क 2023 पासून वारंवार न्यायालयापुढे आला.

भारतात या हक्कासाठी स्वतंत्र कायदा नाही. तो न्यायनिर्णयांतून घडत आला आहे. आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या 1994 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाच्या हक्काचे विवेचन करताना, व्यक्तीचे नाव वा प्रतिमा तिच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणे हे त्या हक्काच्या उल्लंघनाचे उदाहरण म्हणून सांगितले. पुढे 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे टायटन इंडस्ट्रीज विरुद्ध रामकुमार ज्वेलर्स हा दावा आला. अमिताभ आणि जया बच्चन यांना घेऊन टायटनने तनिष्क दागिन्यांची जाहिरात केली होती आणि तशाच छायाचित्राचा फलक मुझफ्फरनगरच्या एका सराफाने आपल्या दुकानासाठी लावला होता. वादीच्या बाजूने अमलात आणता येण्याजोगा हक्क आहे का आणि प्रतिवादीने केलेल्या वापरातून ती व्यक्ती ओळखू येते का, या दोन कसोट्या न्यायालयाने त्या वेळी लावल्या. ओळख पटत असेल, तर ग्राहकाची फसगत झाल्याचा वेगळा पुरावा द्यावा लागत नाही, हेही त्याने स्पष्ट केले.

त्या सराफाने छायाचित्रच उचलले होते, त्यामुळे तेथे प्रताधिकाराचाही (म्हणजे कलाकृतीची प्रत काढण्याच्या हक्काचाही) भंग दाखवता आला. यंत्रनिर्मित जाहिरातीत नेमकी हीच सोय उरत नाही. गायकाच्या आवाजाची नक्कल करताना त्याच्या अनेक गाण्यांतून वाद्यमेळ वेगळा काढून केवळ गळ्याचा आवाज प्रारूपाला शिकवला जातो. मग दुसऱ्याच कोणी गायलेली वा बोललेली ओळ प्रारूपाला दिली, की शब्द व सुरावट तीच राहून आवाजाचा पोत तेवढा त्या गायकाचा होतो. तयार झालेल्या ध्वनिफितीत मूळ गाण्याचा तुकडा कोठेही नसतो. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार बहुधा संगीत कंपनीकडे असतो आणि प्रताधिकार कायद्याने गायकाला दिलेला कलाकार-हक्क त्याने प्रत्यक्ष केलेल्या सादरीकरणापुरता असतो. जे गाणे गायकाने गायलेच नाही, त्यावर हा हक्क सांगणे अवघड जाते. म्हणून अशा वादात ‘काय उचलले’ यापेक्षा ‘कोण ओळखू आले’ हा प्रश्न निर्णायक ठरतो.

मुंबई उच्च न्यायालयातील अरिजित सिंग विरुद्ध कोडिबल व्हेंचर्स या दाव्यात हा प्रश्न थेट उभा राहिला. न्या. आर. आय. छागला यांनी 26 जुलै 2024 रोजी त्यात अंतरिम आदेश दिला. प्रतिवादी बरेच आणि परस्परांहून वेगळे होते : कोणी सिंग यांच्या आवाजात रूपांतर करून देणारे साधन उपलब्ध केले होते, कोणी त्यांचे नाव व छायाचित्र असलेल्या वस्तू विकत होते, कोणी त्यांच्या नावाचे संकेतस्थळ-पत्ते नोंदवून ठेवले होते, तर बंगळूरमधील एका पबने त्यांचे नाव व प्रतिमा वापरून कार्यक्रमाची जाहिरात केली होती. वादी ख्यातनाम आहे, प्रतिवादीच्या वापरातून तो ओळखू येतो आणि तो वापर व्यापारी लाभासाठी आहे, या तीन गोष्टी न्यायालयाने तपासल्या. सिंग यांनी गेली काही वर्षे उत्पादनांच्या जाहिराती करणे जाणीवपूर्वक टाळले होते, याची आदेशात नोंद आहे आणि तिला महत्त्व आहे. कारण व्यक्तिमत्त्व हक्कात आपली प्रसिद्धी विकण्याबरोबरच ती न विकण्याचाही हक्क येतो आणि ‘एरवी मानधन किती मिळाले असते’ एवढ्या हिशेबाने झालेले नुकसान मोजता येत नाही.

आदेशाने नाव, आवाज, गायनाची ढब, छायाचित्र, स्वाक्षरी यांना संरक्षण दिले. आवाज बदलणाऱ्या साधनांमुळे गायकाच्या उपजीविकेला धोका पोहोचतो, असे निरीक्षणही न्यायालयाने नोंदवले. काही चित्रफितींच्या बाबतीत मात्र संपूर्ण चित्रफीत उतरवण्याऐवजी तिच्यातील वादीचे उल्लेख काढून टाकण्याचा मार्ग स्वीकारला गेला. आवाज बदलणाऱ्या साधनांविषयीचे सूत्र पुढे गायिका आशा भोसले यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये दिलेल्या अंतरिम आदेशात दिसते. कोणाही आवाजाचे ख्यातनाम व्यक्तीच्या आवाजात संमतीविना रूपांतर करणारे साधन पुरवणे हेच मुळात व्यक्तिमत्त्व हक्काचे उल्लंघन ठरते, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे जाहिरात तयार करणाऱ्यासोबत साधन पुरवणाराही जबाबदारीच्या कक्षेत येतो.

या हक्काला मर्यादा आहेत. अभिनेते अनिल कपूर यांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 20 सप्टेंबर 2023 रोजी त्यांच्या प्रतिमा-आवाजाबरोबर ‘झकास’ या उद्गारालाही संरक्षण दिले. परंतु मराठी बोलण्यातला हा रोजचा शब्द त्यामुळे कोणाच्या मालकीचा झाला, असा त्याचा अर्थ नाही. त्या अभिनेत्याच्या ढंगात, त्याची आठवण करून देऊन माल खपवण्यासाठी केलेला वापर तेवढा निषिद्ध ठरतो. टीका, विडंबन व वार्तांकन यांना मोकळीक असल्याचे त्याच आदेशात म्हटले आहे. तसेच खेळाडूंची नावे, चित्रे व कामगिरीचे आकडे वापरणाऱ्या एका ऑनलाइन खेळाविरुद्ध मनाई हुकूम देण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये नकार दिला, कारण ही माहिती आधीपासून सार्वजनिक होती. अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात, असा हक्क व्यक्तीच्या मृत्यूबरोबर संपतो आणि वारसांकडे जात नाही, अशी भूमिका त्याच न्यायालयाने त्याच वर्षी घेतली. त्यामुळे दिवंगत कलावंताचा चेहरा पुन्हा घडवणाऱ्या जाहिरातीविरुद्ध वारसांची बाजू दुबळी राहते.

ख्यातनाम नसलेल्या व्यक्तीला प्रसिद्धी हक्काची पहिलीच कसोटी पार करणे कठीण जाते. तिला खाजगीपणाच्या हक्काचा आधार घ्यावा लागतो. याशिवाय, संमतीविना व्यक्तीचा उल्लेख करून मालाला गैरवाजवी फायदा मिळवून देऊ नये, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेची आचारसंहिता सांगते. हे बंधन व्यक्ती प्रसिद्ध आहे की नाही, यावर अवलंबून नाही. या क्षेत्रातील वरील यंत्रनिर्मिती-विषयक आदेश अंतरिम स्वरूपाचे आहेत. म्हणजे पुरावे नोंदवून, उलटतपासणी होऊन दिलेले ते अंतिम निकाल नव्हेत.