जर्मन सहकाऱ्यास लग्नाचे निमंत्रण

परदेशी, विशेषतः जर्मन सहकाऱ्याला गावाकडच्या लग्नासाठी पाठवायचा छोटा निरोप. चाकण परिसरात फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. मर्सिडीज-बेंझही तिथेच आहे. त्यामुळे पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या गावांतील लग्नांत असा पाहुणा आता नवलाचा नाही. खालच्या नमुन्यातले निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातले गाव. चाकणहून नारायणगावपर्यंत महामार्ग आणि पुढे पूर्वेकडे आतला रस्ता लागतो.

छापील पत्रिकेचा फोटो पाठवून भागत नाही. पत्रिकेवर मुहूर्त असतो, पण पाहुण्याने कधी यावे आणि कधी मोकळे व्हावे हे नसते. शिवाय ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे त्याला कळत नाही. जर्मनीत निमंत्रण नावानिशी असते आणि येणार की नाही ते कळवायचे असते, म्हणून बायकोला आणायचे का हे स्पष्ट लिहावे लागते.

नमुना: ‘रविवारी माझ्या बहिणीचं लग्न आहे, निमगाव सावाला. तुम्ही दोघंही या. मुहूर्त १८:२५ चा आहे, पण १७:४५ ला मांडवात असा. आधी पुढाऱ्यांची भाषणं होतात, त्यामुळे थोडा उशीर होईल. मंगलाष्टका दहाएक मिनिटांत संपतात आणि लगेच जेवण असतं. २१ वाजेपर्यंत परत निघता येईल. काळे कपडे नकोत, बाकी कुठलाही रंग चालेल. जेवण शाकाहारी असतं, दारू नसते. आहेर नको.’

वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहिलेली बरी. उशीर होणार हे सांगितले तरी पाहुणा लवकर हवा. कारण मंगलाष्टका हुकल्या, तर त्याच्या वाट्याला फक्त पंगत उरते. जर्मन लग्नात मेजवानी आणि नाच रात्री उशिरापर्यंत चालतात. इथे जेवून, वधूवरांना भेटून मंडळी पांगतात. हे आधी सांगितले नाही, तर तो आठ वाजता रिकाम्या खुर्च्यांत पुढच्या कार्यक्रमाची वाट पाहत बसतो.

पोशाखाची ओळ काळ्या सुटासाठीच आहे, कारण समारंभाला तिकडे तो सर्रास घालतात. इकडे शुभकार्यात काळा टाळतात. पांढऱ्याचे उलट आहे: तिकडे तो नवरीसाठी राखलेला, इकडे निम्मा मांडव पांढऱ्या टोपी-सदऱ्यात असतो.

अक्षता मुठीत आल्यावर पाहुणा गोंधळत नाही, तांदूळ उधळणे जर्मनीतही आहे. एवढेच सांगावे, की प्रत्येक ‘सावधान’ला थोड्या टाकायच्या, पहिल्यालाच मूठ रिकामी करायची नाही. अंतरपाट दूर होईपर्यंत सगळे उभे असतात.

निरोपात सहसा राहून जाते ते फेट्याचे. माईकवरून पाहुण्याचे नाव, बहुधा चुकीच्या उच्चारात, पुकारले जाते आणि फेटा, शाल, श्रीफळ देऊन सत्कार होतो. भाषण करायचे नसते, हात जोडले की पुरे.